वॉशिंग मशीनच्या नळीला आलेलं गळू: शोध, फाटणं आणि नवी नळी (कामाच्या नोंदी)

घर पुण्यात, ११ मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर. पाणी गच्चीवरच्या टाकीतून येतं. मशीन पुढून दार असलेलं, २०१६ च्या दिवाळीत घेतलेलं, पश्चिमेकडच्या ड्राय बाल्कनीत. मशीनसोबत आलेली राखाडी नळी आजवर कधीच बदलली नव्हती. हे काम करताना रोज वहीत लिहीत गेले. ज्यांना हेच करायचं आहे त्यांच्यासाठी ते इथे उतरवते आहे, चुका आणि खर्च धरून.

३ मार्च २०२४, रविवार

सासूबाई बाल्कनीत झाडू मारत होत्या. तिथूनच हाक मारली, "अगं, मशीनच्या नळीला गळू आलंय बघ."

मशीन थोडं पुढे ओढून पाहिलं. मशीनच्या नटापासून चार बोटांवर नळी एका बाजूने फुगली होती, तळहातात मावेल अशा लिंबाएवढी. बोटाने दाबलं तर टणक लागलं. सुतळी गुंडाळून घेर मोजला. चांगल्या जागी ५७ मिलिमीटर, फुगलेल्या जागी ८८. म्हणजे १८ मिलिमीटर जाडीची नळी तिथे २८ ची झाली होती.

आधी नळ बंद केला. फुगा तसाच राहिला, कारण नळ आणि मशीन यांच्यामध्ये दाबाखालचं पाणी अडकलेलं असतं. मशीन चालू करून १० सेकंद पाणी आत घेऊ दिलं आणि मग बंद केलं. त्याबरोबर फुगा बसला आणि ती जागा पिकलेल्या केळ्यासारखी मऊ लागली. बाकी नळी मात्र कडक होती, दाबली तरी दबत नव्हती. निदानासाठी ही खूण पुरेशी आहे. दाब काढल्यावर जी जागा मऊ पडते तिथला, नळीच्या दोन थरांमध्ये विणलेला दोरा तुटलेला असतो.

फुगा नेमका तिथेच का आला, तेही मशीन ओढल्यावर दिसलं. नळीचा नट मशीनच्या मागून सरळ बाहेर येतो आणि मागे भिंतीला जागा जेमतेम चार बोटं आहे. नटातून निघाल्या निघाल्या नळी काटकोनात मोडून खाली वळवलेली होती. त्या वळणाची बाहेरची बाजू सात वर्षं ताणलेलीच राहिली.

आणखी एक गोष्ट आजच मोजून घेतली. नळी मशीनकडून सोडवून तिचं तोंड बादलीत धरलं आणि नळ पूर्ण उघडला. २० लिटरची बादली ७५ सेकंदांत भरली. मिनिटाला १६ लिटर, तासाला ९६०. आम्ही दोघं कामावर, सासूबाई गावी, असे दिवस वर्षातून कितीतरी असतात. अशा दिवशी सकाळी ९ ला नळी फाटली असती तर संध्याकाळी ६ पर्यंत साडेआठ हजार लिटरच्या वर पाणी बाल्कनीत आलं असतं. बाल्कनीचा उंबरा ४० मिलिमीटरचा आणि जागा साधारण १.८ चौरस मीटर, म्हणजे उंबऱ्याआत फक्त ७२ लिटर मावतं. पाणी जायची वाट तुंबलेली असेल तर साडेचार मिनिटांत ते स्वयंपाकघरात शिरतं.

म्हणून तीन मिनिटं पाणी जमिनीवर सोडून पाहिलं. पाणी अर्ध्या उंबऱ्यापर्यंत चढलं. जाळी उचलली तर नहाणी ट्रॅपमध्ये कपड्यांच्या तंतूंचा गोळा, एक चिमटा आणि लहान मुलाचा मोजा. ते काढल्यावर पुन्हा पाणी सोडलं, तेव्हा जेवढं येत होतं तेवढं जात होतं. नळीच्या कामात हे येत नाही, पण ज्यांचं मशीन घरात आहे त्यांनी आधी हेच तपासावं.

४ मार्च, सोमवार

आज एक चुकीचा प्रयोग झाला. धुणं साचलं होतं, म्हणून फुग्याच्या जागी काळ्या इन्सुलेशन टेपचे घट्ट दहा-बारा वेढे दिले, वर तारेचं क्लिप आवळलं आणि शेजारी उभं राहून एक फेरा लावला. वीस मिनिटांत टेपच्या पलीकडे, दोन बोटांवर, नवा फुगा उभा राहिला. पाणी आतल्या नळीच्या चिरेतून दोन थरांच्या मध्ये गेलेलं असतं. एका जागी दाबलं की ते शेजारी सरकतं. फेरा मध्येच थांबवला आणि ओले कपडे हाताने पिळले. फुगलेल्या नळीला टेप, एम-सील, क्लिप यातलं काहीही चालत नाही. नळी जशी फुगते तसा तिचा व्यास वाढतो आणि भिंत पातळ होते, त्यामुळे त्याच दाबाला तिच्यावरचा ताण वाढतच जातो. एकदा फुगायला लागलेली नळी तिथे थांबत नाही.

५ मार्च, मंगळवार

ऑफिसातून येताना हार्डवेअरच्या दुकानातून जाळीची नळी आणली. दुकानात फक्त "स्टीलची जाळीवाली नळी द्या" म्हणाले. काउंटरवरच्या मुलाने ३६ इंची कनेक्शन पाईप दिला, २६० रुपये.

घरी आल्यावर कळलं, तो गीझरचा आणि बेसिनचा पाईप आहे. दोन्ही टोकांना अर्धा इंची आटे. मशीनच्या मागचा व्हॉल्व्ह पाऊण इंची असतो. दिसायला दोन्ही नळ्या सारख्याच, तीच चमक, तीच जाळी. शिवाय या पाईपचं आतलं भोक पेन्सिलीएवढं, म्हणजे रिड्यूसर लावून बसवला असता तरी मशीन भरायला उगाच जास्त वेळ लागला असता. पाकीट फाडलं होतं म्हणून परत घेतला नाही. दुकानात मागताना "मशीनची, पाऊण इंची नटाची" एवढं म्हणायला हवं होतं.

नळाच्या बाजूचीही अडचण आजच लक्षात आली. जुनी नळी नळावर आट्यांनी बसलेली नव्हती. साध्या गोल तोंडाच्या नळावर चार स्क्रूंनी आवळलेला प्लास्टिकचा अडॅप्टर होता आणि त्यावर नळी खटकन बसायची. जाळीच्या नळीला दोन्हीकडे फिरते नट असतात. म्हणजे नळही बदलावा लागणार. चारपैकी दोन स्क्रू गंजून गेले होते. नळी टिकली असती तरी तो अडॅप्टर कधीतरी नळावरून निसटलाच असता.

७ मार्च, गुरुवार

नळी पाण्याच्या जास्त दाबाने फुगली, असं शेजारच्या काकांचं म्हणणं. तपासून पाहायचं ठरवलं. दर चौरस सेंटीमीटरला ० ते ७ किलो दाब दाखवणारं प्रेशर गेज ३८० रुपयांना मिळालं, त्याला लागणारं अर्धा इंची सॉकेट आणि बुश मिळून १४० रुपये. बाथरूममधला जेट स्प्रे सोडवला आणि त्याच्या अँगल कॉकवर गेज बसवलं. मशीनचा नळ त्याच लाइनवर आहे.

रात्री ११ ला, सगळीकडे नळ बंद असताना, गेज ३.१ किलोवर. सकाळी ८ ला, सगळी इमारत अंघोळीला असताना, २.६.

हा आकडा गेजशिवायही काढता आला असता. टाकीतल्या पाण्याची पातळी आपल्या नळापेक्षा जितके मीटर उंच, त्याला दहाने भागलं की किलोमधला दाब मिळतो. आमच्या वर दहा मजल्यांची उंची, मजला २.९ मीटरचा, म्हणजे २९. त्यात गच्चीवरच्या टाकीचे ३ मिळवले, नळाच्या उंचीचा १ वजा केला. ३१ मीटर, म्हणजे ३.१ किलो. गेजने तेच दाखवलं.

आता जुन्या नळीवर छापलेलं पाहा. पुसट झालं होतं, टॉर्च तिरका धरून वाचलं: कमाल १० बार, २५ अंश. १० बार म्हणजे साधारण १० किलो. आमचा दाब त्याच्या एक तृतीयांशही नाही. काकांना गेज दाखवलं. ते म्हणाले, "मग फुगली कशाने?" तो प्रश्न माझाही होता.

९ मार्च, शनिवार

नळी फेकायच्या आधी एक पाहायचं होतं. मशीन न चालवता, नुसत्या उभ्या दाबाने ती किती टिकते?

मशीनकडच्या टोकाला पाऊण इंची डमी प्लग लावला, ४० रुपये. नळी बाथरूमच्या साध्या नळाला जोडली, बादलीत गुंडाळून ठेवली आणि वर जुनं टॉवेल टाकलं. नळ फक्त केसभर उघडला. यात एक खुबी आहे. पाणी वाहत नसताना नळ किंचित उघडला काय आणि पूर्ण उघडला काय, आत दाब तेवढाच येतो. पण नळी फाटली तर किंचित उघडलेल्या नळातून पाण्याची बारीक धारच येते, पाणी वाया जात नाही. सकाळी ८ ला लावलं.

संध्याकाळपर्यंत दोन्ही फुगे एकमेकांना मिळाले होते. रात्री घेर ९६.

१० मार्च, रविवार

दुपारी ३ वाजता बाथरूममधून फट्कन आवाज आला. ३१ तास टिकली. फुग्याच्या बाहेरच्या बाजूला, नळीच्या लांबीच्या दिशेने, अंगठ्याएवढी उभी चीर.

या ३१ तासांत मशीनने एकदाही पाणी घेतलं नव्हतं. कुठला धक्का नाही, कसलं हादरणं नाही. म्हणजे आमच्या घरी ती नळी धुण्याच्या वेळीच फाटली असती असं नाही. मशीनचा नळ आम्ही सात वर्षांत कधी बंद केलाच नव्हता. आठवड्यातून चार फेरे धरले तर पाणी भरण्याचं काम जेमतेम तासाभराचं, आणि नळी ३ किलोच्या दाबाखाली मात्र १६८ तास. तिचं वय मशीनच्या फेऱ्यांवर मोजायचं नसतं.

ब्लेडने उभी कापली. नळाच्या बाजूचं टोक अजून ठीक होतं. आतला थर गुळगुळीत, मध्ये पांढऱ्या दोऱ्याची चौकटीची वीण, वर राखाडी थर. बोटांवर वाकवलं तर सहज वाकलं. मशीनच्या बाजूचं टोक वेगळंच निघालं. वाकवताना ते काडीसारखं करकरलं, आतल्या थराला केसाएवढ्या उभ्या चिरा होत्या आणि वळणाच्या बाहेरच्या बाजूचा दोरा नखाने ओढला तर तुकडे होऊन हातात आला.

याच टोकावर दुपारी २ ते ५ ऊन येतं. प्लास्टिकच्या नळीला मऊ ठेवणारं द्रव्य उष्णतेने हळूहळू निघून जातं आणि नळी ठिसूळ होते. आणि नळीवर छापलेले १० बार हे २५ अंशांचे होते. उन्हात तापलेल्या बाल्कनीत, नळीत तासन् तास उभं राहिलेलं पाणी २५ अंशांवर राहत नाही. काकांच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं असं मला वाटतं: दाब जास्त नव्हता, पण तो कधी उतरलाच नाही, आणि ज्या जागी नळी मोडून वळवली होती तिथेच ऊनही होतं.

तुकडे काकांना नेऊन दाखवले. त्यांनी घरी जाऊन त्याच संध्याकाळी आपल्या मशीनचा नळ बंद केला.

१६ मार्च, शनिवार

मधला आठवडा हाताने धुणं. आज वेळ काढून मोठ्या दुकानात गेले. जाताना सुतळी सोबत घेतली. नळापासून मशीनपर्यंत, वळण सैल ठेवून, मशीन एक हात पुढे ओढता येईल अशा बेताने ती आधी लावून मापलेली होती. भरली १ मीटर ३५. म्हणून दीड मीटरची नळी. मीटरची घेतली तर ताणली जाते, दोन मीटरची घेतली तर मागे वेटोळं होऊन मशीनखाली चेंगरते.

दुकानदाराने तीन प्रकार काढले.

पहिली सगळ्यांत चमकदार, २८० रुपये. वाकवली तर जाळीच्या तारा फाकल्या आणि आतली पांढरी नळी दिसायला लागली. नट प्लास्टिकचे, अंगावर कुठेही दाबाचा आकडा नाही. हातात अगदी हलकी, तार ॲल्युमिनियमची असावी. फाकणारी जाळी नळीला आवळून धरू शकत नाही आणि जाळीचं काम तेवढंच आहे.

दुसरी एसएस ३०४ च्या तारेची, वीण दाट, वाकवल्यावरही आतलं काही दिसत नव्हतं. आत ईपीडीएम रबर, नट पितळी, टोकांना पिचकवून बसवलेली धातूची कडी, दाब १० बार छापलेला. ६८० रुपये. मुख्य म्हणजे एका टोकाला नट सरळ नव्हता, काटकोनी होता. तो मशीनकडे लावला की नळी भिंतीला न टेकता थेट खाली जाते. जुन्या नळीचा जीव ज्या वळणाने घेतला ते वळणच राहत नाही.

तिसरी दुसरीसारखीच, पण जाळीवर पारदर्शक प्लास्टिकचं आवरण. तिला काटकोनी टोक नव्हतं, म्हणून सोडली.

मी चुंबक नेलं होतं. दुसरीच्या जाळीला ते अगदी किंचित ओढलं गेलं. मला वाटलं, माल खोटा आहे. पण ३०४ ची तार ओढून बारीक करताना तिच्यात थोडी चुंबकीय ओढ येतेच. उलट ॲल्युमिनियमच्या तारेला चुंबक अजिबात चिकटत नाही. म्हणजे चुंबकाने खरं-खोटं ठरत नाही. वाकवून वीण फाकते का ते पाहणं, नट जड आहे का ते पाहणं आणि छापलेला आकडा वाचणं, यावरच मी भरवसा ठेवला.

फुटल्यावर आपोआप बंद होणारी नळीही असते. तिला बाहेरून दुसरी नळी असते आणि नळाकडच्या डबीत एक झडप. आतली नळी गळली की पाणी बाहेरच्या नळीत उतरतं आणि झडप मिटते. मशीन बंद खोलीत असेल, नळापर्यंत हात पोचत नसेल तर तीच घ्यावी. पण नळाकडचा वॉशर गळला तर ते पाणी त्या झडपेच्या बाहेरच असतं, तिथे तिचा उपयोग नाही. आमचा नळ हाताशी आहे, म्हणून दुसरी नळी घेतली.

सोबत मशीनचा कॉक, आत अर्धा इंची आणि बाहेर पाऊण इंची आट्यांचा, पाव फेऱ्यात बंद होणारा, ५२० रुपये.

१७ मार्च, रविवार

नळ बदलायला प्लंबरदादांना बोलावलं, ४०० रुपये. हे मी स्वतः केलं नाही, कारण भिंतीतली लाइन सीपीव्हीसीची आहे. जुना नळ अडकलेला असताना जोराने फिरवला तर भिंतीतला एल्बो तडकतो आणि मग टाइल फोडावी लागते. दादांनी आधी शाफ्टमधला व्हॉल्व्ह बंद केला, नळाच्या आट्यांवर गरम पाण्याचं फडकं दहा मिनिटं धरलं आणि मग हलक्या हाताने सोडवला. नव्या कॉकला टेफलॉनचे वेढे त्यांनी दिले.

नळी मी बसवली. आधी मशीनच्या व्हॉल्व्हमधली प्लास्टिकची जाळी पक्कडीने अलगद बाहेर काढली आणि दातांच्या जुन्या ब्रशने धुतली. वाळूचा जाड थर निघाला. मग काटकोनी टोक खाली करून नट हाताने फिरवला. नट फिरवताना दुसऱ्या हाताने नळी धरून ठेवावी लागते, नाहीतर नटासोबत नळीलाही पीळ बसतो आणि तो जाळीत कायमचा राहतो. दोन्ही नट हाताने पूर्ण आवळले, फडकं धरून पक्कडीने पाव फेरा आणखी दिला.

नळ उघडला. नळाची बाजू कोरडी. मशीनच्या बाजूने मात्र थेंब.

आणखी पाव फेरा दिला, थेंब थांबला नाही. मग चूक केली. नट सोडवून मशीनच्या आट्यांवर टेफलॉन गुंडाळला. तरी थेंब. प्लंबरदादा गेले होते. फोनवर म्हणाले, "ताई, तिथे टेफलॉनचं काम नाही, वॉशर बघा. आणि जोर लावू नका, मशीनचा व्हॉल्व्ह प्लास्टिकचा असतो." रात्री नळ बंद करून ठेवला.

१८ मार्च, सोमवार

सकाळी उजेडात नट सोडवला. नळीच्या नटात नवा वॉशर होताच. मशीनच्या व्हॉल्व्हच्या तोंडावर मात्र जुना काळा वॉशर चिकटून बसला होता, व्हॉल्व्हच्याच रंगाचा, म्हणून काल दिसला नाही. दोन वॉशर एकावर एक बसले की ते नीट दबत नाहीत, एक बाजूला सरकतो. जुना टाचणीने काढला, टेफलॉन सोलून काढला, नव्या वॉशरची खात्री केली आणि पुन्हा तेवढंच आवळलं: हाताने, मग पाव फेरा. कोरडं. जादा म्हणून २० रुपयांचे वॉशर आणून ठेवलेत.

नट आणि व्हॉल्व्हच्या खाली वर्तमानपत्राचा कागद पसरून दोन फेरे लावले. कागदावर डाग नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीही नाही.

कडीच्या शेजारी कापडी पट्टी बांधून तिच्यावर मार्करने लिहिलं: मार्च २०२४. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या मशीनच्या पुस्तिकांमध्ये नळी पाच वर्षांनी बदला असं लिहिलेलं असतं. आमच्या उन्हासाठी मी मार्च २०२८ धरलं आहे.

आतापर्यंतचा खर्च २,४४० रुपये. त्यातले २६० चुकीच्या पाईपचे, ५६० गेज, जोडण्या आणि डमी प्लगचे. पहिल्याच दिवशी नीट मापं घेतली असती तर १,६२० मध्ये झालं असतं. दिवस गेले पंधरा.

९ एप्रिल, मंगळवार, गुढीपाडवा

सुट्टी होती म्हणून राहिलेलं एक काम केलं. मशीन पाणी घेणं थांबवतं तेव्हा भिंतीत ठक् असा आवाज येतो. तो आधीही यायचा, पण नव्या नळीनंतर जास्त जाणवतो. जुनी नळी लवचीक होती, धक्क्याने थोडी फुगून तो गिळायची. जाळीची नळी फुगत नाही, त्यामुळे धक्का पाईपात मागे जातो.

गेज पुन्हा लावून मशीन भरताना काटा पाहिला. पाणी वाहत असताना २.५, व्हॉल्व्ह मिटताच काटा ४.५ पर्यंत उडाला आणि खाली आला. खरा झटका याहून मोठा असणार, काटा तेवढ्या चपळाईने उडत नाही. कॉक पूर्ण न उघडता निम्मा उघडून पाहिला. मशीन भरायला किंचित जास्त वेळ लागला, आवाज जवळजवळ गेला आणि काटा ३.५ च्या वर गेला नाही. पाण्याचा वेग कमी केला की अडवताना बसणारा धक्काही त्याच प्रमाणात कमी होतो. आता कॉकवर खूण केली आहे आणि तेवढाच उघडतो. धुणं झालं की बंद. सासूबाईंनी हे काम स्वतःकडे घेतलं आहे. मशीनने शेवटची शीळ घातली की त्या कॉक फिरवून येतात.

बाल्कनीच्या ग्रिलला त्या बाजूने हिरवं नेट बांधलं. नळीवर आता ऊन पडत नाही.

१४ सप्टेंबर, शनिवार

पावसाळा सरत आला तेव्हा मशीन ओढून पाहिलं. नळीच्या खालच्या वळणावर, जमिनीपासून वितभर, जाळीवर तपकिरी ठिपके. पुसले तर निम्मे गेले, बाकीचे राहिले.

कारण सापडलं. ऑगस्टमध्ये बाल्कनीची फरशी ॲसिडने घासली होती आणि पाणी नळीवर उडालं होतं. फरशीचं ॲसिड आणि ब्लीच दोन्हींतलं क्लोराइड एसएसच्या तारेला खातं, ३०४ असली तरी. नुसत्या पावसाच्या ओलीने इतक्या लवकर असं झालं नसतं. दुकानातली आवरण असलेली तिसरी नळी इथे बरी ठरली असती, हे आता मान्य करते.

जाळीच्या नळीत एक धोका आहे, तो या ठिपक्यांमुळे नीट समजला. जुनी नळी फुगली म्हणून सासूबाईंना दिसली. जाळीची नळी फुगत नाही. आतलं रबर तिच्याही पोटात जुनं होत असतं, पण जाळी धरून ठेवते तोवर बाहेर काही दिसत नाही, आणि तारा तुटल्या की रबर त्या फटीतून एकदम बाहेर येतं. त्यामुळे हिच्याकडे पाहायची रीत वेगळी ठेवावी लागते. कापसाचा बोळा नळीवरून दोन्ही दिशांना हलके फिरवायचा. एकही तार तुटलेली असेल तर कापूस अडकतो आणि तंतू मागे राहतात. दोन्ही कड्यांपासून दोन बोटं अंतर जास्त निरखायचं, कारण तिथे जाळी संपते आणि वाकण्याचा ताण सगळा तिथे येतो. कड्याच्या तोंडाशी ओल किंवा पांढरी खार दिसली तर तारा शाबूत असल्या तरी नळी बदलायची.

बोळा पूर्ण दीड मीटर फिरवला. कुठेच अडकला नाही. कड्या कोरड्या. नळी साध्या पाण्याने धुतली, पुसली आणि खालचं वळण जमिनीपासून वर राहील असं भिंतीला क्लिपमध्ये अडकवलं. ठिपक्यांच्या जागी मार्करने गोल केला आहे, पुढच्या वेळी ते पसरलेत का ते कळावं म्हणून.

मशीन जागेवर सरकवलं तेव्हा सासूबाईंनी मागे हात घालून नळी आणि भिंत यांच्यामधून चार बोटं फिरवून पाहिली. बोटं मोकळी फिरली.